फोन झोपतो, ऑर्डर जाते: नोटिफिकेशन उशिरा का येतं आणि ते वेळेवर कसं आणायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत हा विषय मी घाईघाईत घेतला. सेटिंग्जच्या पायऱ्या व्हिडिओ थांबवत थांबवत बघायला त्रास होतो, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. फोन शेजारी घेऊन बसा आणि वाचता वाचताच करा.

सुरुवात एका खऱ्या नुकसानीपासून करू. आपल्या पनवेलच्या बॅचमधल्या एक ताई खांदा कॉलनीत घरून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेतात. संकष्टीच्या दिवशी दुपारी एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर विचारलं, "संध्याकाळी ७ पर्यंत ५१ मोदक मिळतील का?" वेळ होती १:१२. उत्तर आलं नाही. १:४० ला परत, "ताई, आहात का?" तरी उत्तर नाही. गिऱ्हाइकाने दुसरीकडे ऑर्डर देऊन टाकली.

ताई घरातच होत्या. फोन ओट्यावर, आवाज फुल, वायफाय चालू. ४:०५ ला त्यांनी वेळ बघायला फोन उचलला आणि धडाधड सात मेसेज एकदम आले. तोवर ऑर्डर गेली होती. त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाइकाचा समज झाला की ताई मुद्दाम बघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, "दादा, फोनच खराब आहे, नवीन घेते." मी म्हटलं, थांबा. फोन खराब नाहीये, तो बॅटरी वाचवतोय. त्याला तसंच शिकवलंय.

फोन नेमका झोपतो कधी?

अँड्रॉइड ६ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि तिच्यात डोझ नावाची सोय आली. डोझ म्हणजे डुलकी. तीन गोष्टी एकत्र जमल्या की फोन गाढ डुलकी घेतो: चार्जिंगला लावलेला नाही, स्क्रीन बंद आहे, आणि बराच वेळ जागचा हललेला नाही.

आता तुमच्या दुकानातला फोन आठवा. गल्ल्याशेजारी पडलेला, दुपारची मंदीची वेळ, कुणी हात लावलेला नाही. तिन्ही अटी पूर्ण! म्हणून खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला मेसेज लगेच येतात, आणि दुकानात एका जागी बसणाऱ्याला उशिरा. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये हलकी डुलकीही आली. ती फोन हलत असला तरी, नुसती स्क्रीन बंद राहिली की लागते. पण तिचे नियम गाढ झोपेपेक्षा सैल आहेत.

गाढ डुलकीत फोन ॲप्सचं इंटरनेट बंद ठेवतो. मधेमधे थोडा वेळ जागा होतो, साचलेली कामं उरकतो आणि परत झोपतो. जितका जास्त वेळ पडून राहील, तितकं हे मधलं जागं होणं लांबत जातं. म्हणून पहिला मेसेज थोडा उशिरा येतो, नंतरचा खूप उशिरा.

मग काही मेसेज लगेच कसे येतात?

एखाद्या सोसायटीचं गेट डोळ्यासमोर आणा. प्रत्येक फ्लॅटने आपापला माणूस गेटवर बसवला तर खर्च किती होईल? म्हणून सगळ्या बिल्डिंगसाठी एकच वॉचमन असतो. अँड्रॉइड फोनमध्ये तो वॉचमन म्हणजे गुगल प्ले सर्व्हिसेस. तो गुगलच्या सर्व्हरशी एकच जोडणी कायम चालू ठेवतो आणि बहुतेक ॲप्सचे निरोप त्याच वाटेने येतात.

निरोप दोन प्रकारचे असतात. एक तातडीचा: "आत्ता बेल वाजव." दुसरा साधा: "सवडीने दे." तातडीचा निरोप आला की फोन डोझमध्ये असला तरी वॉचमन त्या ॲपला थोड्या वेळासाठी उठवतो. साधा निरोप फोन पुढच्या वेळी जागा होईपर्यंत थांबतो. निरोप कुठला पाठवायचा हे ॲप बनवणारा ठरवतो. चॅटची ॲप्स सहसा तातडीचा पाठवतात. ऑफर आणि जाहिरातींना साधा पुरतो.

इथे हुशार विद्यार्थी विचारतो, "सर, व्हॉट्सॲपचा निरोप तातडीचा असेल तर ताईंना उशिरा का आला?" प्रश्न बरोबर आहे. नुसता डोझ असता तर मेसेज वेळेवर यायला हवा होता. याचा अर्थ दोषी दुसराच कुणीतरी आहे.

खरा अडथळा: कंपनीने वरून लावलेलं कुलूप

फोन बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या अँड्रॉइडवर स्वतःची बॅटरी बचत चढवतात. "दोन दिवस बॅटरी" म्हणून फोन विकायचा असतो ना! ही बचत डोझपेक्षा कडक असते. तुम्ही ॲप बंद केलंत, किंवा ते काही वेळ मागे पडून राहिलं, की ती त्या ॲपला पूर्ण थांबवते.

आणि अँड्रॉइडचा एक पक्का नियम आहे. ॲप जबरदस्तीने थांबवलेलं असेल, म्हणजे फोर्स स्टॉप झालेलं असेल, तर तुम्ही स्वतः ते उघडेपर्यंत त्याला एकही निरोप दिला जात नाही. तातडीचासुद्धा नाही. वॉचमनच्या हातात पार्सल आहे, पण फ्लॅटला बाहेरून कुलूप आहे. बेल वाजवून उपयोग काय?

साध्या अँड्रॉइडमध्ये अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून ॲप सरकवून काढलं तर ते फोर्स स्टॉप होत नाही. पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये परिणाम जवळपास तसाच होतो. आणि आपल्याकडे "क्लिअर ऑल" दाबायची सवय केवढी! फोन हलका होतो असं वाटतं. प्रत्यक्षात आपण स्वतःच्या हाताने दुकानाचं शटर खाली ओढत असतो.

आधी तपासणी, मग इलाज

सेटिंग्ज बदलायच्या आधी दोष कुठे आहे ते शोधा. व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांसाठी ही तपासणी एकदम सोपी आहे, कारण पाठवणाऱ्याच्या फोनवर पुरावा मिळतो. एक करडी टिक म्हणजे मेसेज निघाला, पण अजून पोचला नाही. दोन टिक म्हणजे पोचला. पाठवलेला मेसेज दाबून धरून Info उघडलं की Delivered समोर पोचल्याची नेमकी वेळ दिसते.

आता दोन शक्यता.

पहिली, दोन टिक लगेच आल्या पण तुमच्याकडे आवाज किंवा सूचना नाही. मग बॅटरीचा दोष नाही. मेसेज पोचलाय, फक्त दाखवला जात नाहीये. त्या ॲपचं नोटिफिकेशन बंद आहे का, चॅट म्यूट आहे का, डू नॉट डिस्टर्ब चालू आहे का, ते बघा. अँड्रॉइड १३ पासून नवीन टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. सुरुवातीला घाईत "नको" दाबलं असेल तर ॲप गप्पच राहतं.

दुसरी, फोन उचलेपर्यंत एकच टिक. मग मेसेज फोनपर्यंत आलाच नाही. बॅटरी बचत किंवा नेट, यापैकी एक.

एक काळजी घ्या. दुकानाच्या लॅपटॉपवर तेच व्हॉट्सॲप जोडलेलं असेल तर मेसेज तिथे पोचला तरी दोन टिक येतात. म्हणून तपासणीपुरता लॅपटॉप बंद ठेवा, नाहीतर निकाल चुकेल.

ताईंच्या फोनवर आम्ही दुकानातच तपासणी केली. त्यांचा फोन काउंटरवर, चार्जर काढलेला, स्क्रीन बंद. हात लावायचा नाही. माझ्या फोनवरून ठरलेल्या वेळी मेसेज.

पहिली फेरी त्यांच्या रोजच्या सवयीप्रमाणे, म्हणजे "क्लिअर ऑल" दाबून. मेसेज पाठवले ११:१५, ११:४५ आणि १२:१५ ला. फोन उचलून व्हॉट्सॲप उघडलं १२:३० ला. तिन्ही मेसेजची पोचण्याची वेळ १२:३०. म्हणजे सव्वा तास एकही आला नव्हता.

दुसरी फेरी "क्लिअर ऑल" न दाबता. १:१५ चा मेसेज लगेच पोचला. पण १:४५ आणि २:१५ चे दोन्ही पोचले २:३० ला, फोन उचलल्यावर. म्हणजे ॲप मोकळं ठेवलं तरी अर्ध्या तासाच्या आत फोन त्याला बंद करत होता.

तिसरी फेरीही "क्लिअर ऑल" न दाबता, पण चार्जर लावून. तिन्ही मेसेज त्याच मिनिटाला! वायफाय तेच, ॲप तेच, फोन तोच. फरक फक्त चार्जरचा. म्हणजे नेटचा दोष नाही, बॅटरी बचतच. चार्जर लावूनही मेसेज अडकले असते तर मी नेट, डेटा सेव्हर, आणि ॲप फोर्स स्टॉप झालंय का, हे आधी बघितलं असतं.

इलाज पहिला: अँड्रॉइडची स्वतःची सेटिंग

ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरा आणि App info उघडा. त्यात Battery किंवा App battery usage असं काहीतरी दिसेल. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनमध्ये तिथे सहसा तीन पर्याय असतात: Unrestricted, Optimized आणि Restricted. काही फोनमध्ये आधी Allow background usage चालू करून त्यावर टॅप केल्यावर पर्याय उघडतात. धंद्याच्या ॲपला Unrestricted द्या. Restricted असेल तर आधी ते काढा, कारण त्यात ॲपला मागे काम करायची जवळजवळ परवानगीच नसते.

याच पानावर खाली, ॲप बरेच दिवस वापरलं नाही तर त्याचं काम थांबवायची एक सेटिंग असते. नाव Pause app activity if unused किंवा Manage app if unused असं असतं. एखादं विक्रीचं ॲप तुम्ही फक्त सणासुदीला उघडत असाल तर ही सेटिंग बंद करा. नाहीतर काही महिन्यांनी फोन त्या ॲपच्या परवानग्या काढून घेतो आणि त्याचं नोटिफिकेशनही बंद पडतं.

इलाज दुसरा: कंपनीचं कुलूप

बहुतेक लोक पहिला इलाज करून थांबतात आणि मग म्हणतात, "सर, फरक पडला नाही." कारण कुलूप इथे असतं. आवृत्तीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत `battery` किंवा `autostart` टाइप करा.

शाओमी, रेडमी, पोको: App info मध्ये Autostart चालू करा. मग तिथेच Battery saver उघडून No restrictions निवडा. दोन्ही करायचं, एक करून भागत नाही.

सॅमसंग: Settings मध्ये Battery, त्यात Background usage limits. तिथे झोपवलेल्या ॲप्सच्या याद्या असतात. Deep sleeping apps या यादीतलं ॲप तुम्ही उघडल्याशिवाय चालतच नाही. तुमचं ॲप तिथे असेल तर काढा आणि Never sleeping apps किंवा Never auto sleeping apps या यादीत घाला.

विवो, आयक्यू: Settings मध्ये Battery, त्यात Background power consumption management. तिथे तुमच्या ॲपवरची मर्यादा काढा. शिवाय परवानग्यांमध्ये Autostart वेगळं चालू करावं लागतं.

ओप्पो, रिअलमी, वनप्लस: App info मध्ये Battery usage. तिथे Allow background activity आणि Allow auto launch दोन्ही चालू.

ताईंच्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट बंद होतं आणि कंपनीची बॅटरी बचत चालू होती. दोन्ही बदलून आम्ही चौथी फेरी घेतली, चार्जर काढून आणि मुद्दाम "क्लिअर ऑल" दाबून. तिन्ही मेसेज वेळेवर. तरी त्यांना सांगितलं, "क्लिअर ऑल"ची सवय सोडा. त्याने बॅटरी फारशी वाचत नाही, कारण ॲप परत पहिल्यापासून चालू करायला फोनला जास्तच काम करावं लागतं.

इलाज तिसरा: दोन मोठी बटणं

बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर ही दोन्ही बटणं सगळ्या फोनवर एकदम लागू होतात. बॅटरी सेव्हर बऱ्याच जणांनी ठरावीक टक्क्यांना आपोआप चालू होईल असा लावलेला असतो. तुमचं नोटिफिकेशन रोज संध्याकाळीच अडकत असेल तर आधी हे तपासा.

डेटा सेव्हर मोबाईल डेटावर मागच्या ॲप्सचं नेट अडवतो. ओळखायची खूण अशी: घरी वायफायवर सगळं ठीक, दुकानात मोबाईल डेटावर अडकतं. डेटा सेव्हर ठेवायचाच असेल तर त्यातच Unrestricted data मध्ये जाऊन धंद्याचं ॲप सोडून द्या.

आणि "फोन क्लीनर", "बॅटरी डॉक्टर" अशी ॲप्स असतील तर आज काढून टाका. इतर ॲप्स बंद पाडणं हेच त्यांचं काम. तुम्ही उघडलेलं कुलूप ती परत लावतात.

पेमेंटच्या बाबतीत जास्त सावध

मोदकाची ऑर्डर गेली तर एका दिवसाचं नुकसान. पेमेंटमध्ये गोष्ट भांडणापर्यंत जाते. माझ्याच दुकानातला प्रसंग. गर्दीच्या वेळी एका काकांनी ३४० रुपये यूपीआयने दिले आणि स्क्रीन दाखवली. माझ्या फोनवर काहीच वाजलं नाही. मी म्हटलं, "काका, आले नाहीत." ते चिडले. चार माणसांसमोर आवाज चढला. मग मी ॲप उघडून व्यवहारांची यादी बघितली, तर पैसे तीन मिनिटांपूर्वीच जमा! माफी मागितली, पण काका परत आले नाहीत.

तिथे माझं चुकलं ते असं: नोटिफिकेशन म्हणजेच पैसे, असं मी धरून चाललो होतो. नोटिफिकेशन ही फक्त बातमी आहे. ती उशिरा येऊ शकते. पैसे आले की नाही हे ठरवायचं ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीवरून किंवा बँकेच्या नोंदीवरून. हाच नियम उलट बाजूनेही लागू. गिऱ्हाइकाने नुसता स्क्रीनशॉट दाखवला म्हणून माल सोडायचा नाही. "एक मिनिट, यादी बघतो" हे शांतपणे म्हणा. प्रामाणिक माणूस थांबतो.

पेमेंटची रक्कम बोलून दाखवणाऱ्या फोन ॲपला निरोप मिळाल्यावर जागं राहून बोलायचंही काम असतं. म्हणून झोपवलेल्या फोनमध्ये ते हमखास अडखळतं. त्याला वरचे तिन्ही इलाज करा. काउंटरवरच्या साउंडबॉक्सची गोष्ट वेगळी. त्यात स्वतःचं सिम असतं आणि तो निरोप थेट स्वतः घेतो, तुमच्या फोनच्या झोपेशी त्याचा संबंध नाही. बँकेचा एसएमएसही मोबाईल नेटवर्कने येतो, तोही डोझमध्ये अडकत नाही. म्हणून एसएमएस आला पण ॲप गप्प, असं झालं की समजा ॲप झोपलंय.

हे किती पुरतं आणि कुठे नाही

सगळ्या ॲप्सना Unrestricted देऊ नका. मी माझ्या फोनवर तीनच ॲप्सना दिलंय: व्हॉट्सॲप बिझनेस, पेमेंटचं ॲप आणि ऑर्डरचं ॲप. वीस ॲप्सना दिलंत तर संध्याकाळी फोन बंद पडेल, आणि बंद फोनला कुठलंच नोटिफिकेशन येत नाही.

फोनचं मोठं अपडेट आलं की यातल्या काही सेटिंग्ज परत जुन्या जागी जाऊ शकतात. म्हणून अपडेटनंतर एक फेरी घ्यायची: फोन अर्धा-पाऊण तास काउंटरवर ठेवा, दुसऱ्या फोनवरून मेसेज टाका, Info मध्ये वेळ बघा.

ज्यांच्या दुकानात लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर आहे त्यांनी व्हॉट्सॲप त्यावर जोडून ठेवा. आता जोडलेलं उपकरण फोनवर अवलंबून नसतं, फोन झोपला तरी मेसेज लॅपटॉपवर येतो. फक्त मुख्य फोनवर व्हॉट्सॲप १४ दिवसांपेक्षा जास्त वापरलं नाही तर जोडणी तुटते.

ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त इलाज तिसऱ्या फेरीतच सापडला होता: काउंटरवर फोन चार्जरला लावून ठेवा. चार्जिंगवर डोझ लागत नाही. गर्दीच्या दिवशी, संकष्टीला, दिवाळीच्या आठवड्यात मी स्वतः हेच करतो. पण यावर विसंबून वरच्या सेटिंग्ज टाळू नका, कारण "क्लिअर ऑल"ने थांबलेलं ॲप चार्जरनेही उठेलच असं नाही.

ताईंनी त्या गिऱ्हाइकाला फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. पुढच्या संकष्टीला त्यांच्याकडूनच २१ मोदकांची ऑर्डर आली. मेसेज आला ११:०४ ला, ताईंचं उत्तर गेलं ११:०६ ला. त्या वेळी फोन ओट्यावरच होता.

आज एकच काम करा. दुसऱ्या फोनवरून तपासणीची पहिली फेरी घ्या आणि तिन्ही मेसेजच्या पोचण्याच्या वेळा वहीत लिहा. त्या तीन वेळांवरून तुमच्या फोनचा दोष तुम्हाला स्वतःलाच कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!